दीड जीबी रात्री नऊपर्यंत का पुरत नाही?

*ताई, माझ्याकडे रोज दीड जीबीचा रिचार्ज आहे. लेक पुण्याला शिकते, रात्री नऊला तिच्याशी व्हिडिओ कॉल असतो आणि नेमकं तेव्हाच नेट संपून राहिलं. मी विम्याची कामं करते. बुटीबोरी, उमरेडकडे जाते तेव्हा मॅप लावते. सकाळी स्वयंपाक करताना दोन तास यूट्यूबवर गाणी सुरू असतात, दुपारी थोडा वेळ रील्स. शनिवारी दोन तास झूमवर ट्रेनिंग असतं. रविवारी मॅच असली की टीव्हीला माझा हॉटस्पॉट. घरात वायफाय नाही. आमचे हे म्हणतात मॅप बंद ठेव, नेट तोच खातो. दुकानदार म्हणतो तीन जीबीचा घ्या. काय करू? आणि सासूबाई फोनवर फक्त बोलतात, त्यांनाही नेटचाच रिचार्ज मारावा लागतो का?*
*— एक वाचक, मानेवाडा, नागपूर*

ताई, मॅप खुशाल लावा. तीन जीबीचा रिचार्ज मात्र लगेच घेऊ नका. तुम्ही लिहिलेल्या गोष्टींत सगळ्यात कमी डेटा मॅपला लागतो. सगळ्यात जास्त खाणाऱ्या दोन गोष्टींकडे घरात कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही, कारण त्यांतली एक रोजच्या सवयीची आहे आणि दुसरी फक्त रविवारची.

आधी मॅपचा विषय संपवू. तुम्ही नेमक्या कुठे आहात हे फोनला उपग्रहांच्या जीपीएस सिग्नलवरून कळतं, आणि त्या सिग्नलला इंटरनेट लागत नाही. डेटा लागतो तो रस्त्यांचा नकाशा, मार्ग आणि वाहतुकीची स्थिती आणायला. नकाशासुद्धा फोटो म्हणून येत नाही. रांगोळीला ठिपके आणि रेघा सांगितल्या की ती आपल्या हातानं काढता येते, तसं फोनला फक्त रेघांचं वर्णन मिळतं आणि चित्र तो स्वतः काढतो. म्हणून मानेवाड्याहून बुटीबोरीला जाताना नेव्हिगेशन सुरू ठेवलं तरी तासाला साधारण ५ ते १० एमबी जातात. दिवसभरात दोन तास मॅप लावला तर २० एमबी धरा. दीड जीबीत हा सव्वा-दीड टक्का झाला.

याला एक अपवाद आहे. मॅपमध्ये उपग्रहाचं चित्र, म्हणजे सॅटेलाइट दृश्य सुरू असेल तर खरोखरचे फोटो उतरतात आणि खर्च कितीतरी पट वाढतो. ते एकदा तपासून बंद करा. आणि उमरेडच्या पुढे गावांकडे जात असाल तर गूगल मॅपमध्ये आपल्या प्रोफाइलच्या चित्रावर दाबून Offline maps मध्ये नागपूर आणि आजूबाजूचा भाग उतरवून ठेवा. हा भाग मोठा निवडला तर काहीशे एमबी लागतात, म्हणून तो कुठेतरी वायफाय असताना उतरवा. मग रेंज गेली किंवा दिवसाचा डेटा संपला तरी गाडीचा रस्ता दिसत राहतो, फक्त वाहतुकीची ताजी स्थिती दिसत नाही.

आता गाण्यांकडे येऊ, कारण तुमचे रोजचे पैसे इथे जातात. तुम्ही गाणी ऐकता, पण यूट्यूब तुम्हाला चित्र पाठवतं आणि त्याच्यासोबत थोडा आवाज. फोन ओट्यावर टेकवलेला असो की पालथा ठेवलेला, पडदा चालू आहे तोवर चित्राचा डेटा येत राहतो. व्हिडिओची प्रत, म्हणजे चित्राचा स्वच्छपणा, ४८० वर असेल तर तासाला साधारण ४०० ते ६०० एमबी जातात. ७२० वर गेली तर एक जीबी किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे सकाळच्या दोन तासांत, पोळ्या होईपर्यंत, तुमच्या दीड जीबीतला जवळपास एक जीबी संपलेला असतो. त्यात एक गाणं संपलं की पुढचं आपोआप लागतं, त्यामुळे स्वयंपाक आटोपून तुम्ही दुसऱ्या खोलीत गेलात तरी खर्च सुरूच.

हीच गाणी फक्त आवाज देणाऱ्या अॅपवर ऐकली तर काय होतं, ते मोजता येतं. अशी अॅप आवाजाची प्रत केबीपीएसमध्ये सांगतात, म्हणजे सेकंदाला किती हजार बिट येतात ते. आठ बिटांचा एक बाइट आणि तासाचे ३६०० सेकंद, हा सगळा हिशेब जुळवला की एक सोपा आकडा हाती येतो: केबीपीएसला ०.४५ ने गुणलं की तासाला किती एमबी लागतील ते मिळतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे. स्पॉटिफायवर साधी प्रत ९६ केबीपीएस असते, म्हणजे तासाला ४३ एमबी. त्याच्या वरची प्रत १६०, म्हणजे ७२ एमबी. कढईच्या आवाजात या दोन प्रतींतला फरक कानाला कळणार नाही, तेव्हा साधी प्रत पुरे. दोन तासांचे झाले ८६ एमबी, जिथे आज एक हजाराच्या घरात जातात.

तुमचं आवडतं जुनं गाणं फक्त यूट्यूबवरच असेल तर तिथेही उपाय आहे. अॅपच्या Settings मध्ये Video quality preferences उघडा आणि मोबाइल नेटवर्कसाठी Data saver निवडा. किंवा गाणं सुरू असताना चाकाच्या खुणेवर दाबून प्रत १४४ वर आणा. चित्र धूसर दिसेल, पण तुमचं लक्ष पोळीकडे आहे. १४४ ला तासाचे शंभर एमबीसुद्धा होत नाहीत. आणि रेडिओची आवड असेल तर साध्या रेडिओ संचावर विविध भारती लावा, त्याला एक एमबीही लागत नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर स्वयंपाकघरात रेडिओइतकं सोयीचं काही नाही, हात पिठात असताना पडद्याला हात लावावा लागत नाही.

रील्सबद्दल थोडक्यात सांगते. ही अॅप तुम्ही बघत असलेल्या व्हिडिओच्या पुढचे दोन-तीन व्हिडिओ आधीच उतरवून ठेवतात, म्हणजे बोट वर सरकवलं की थांबायला नको. तुम्ही ते अर्ध्यातच सोडले तरी डेटा गेलेला असतो. वीस मिनिटांना दोनशे ते तीनशे एमबी सहज लागतात. बघायला माझी हरकत नाही, फक्त हिशेबात धरा. व्हॉट्सअॅपच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सकाळी जे व्हिडिओ येतात, तेही न उघडता उतरत असतील तर दिवसाला शंभर-दोनशे एमबी जातात. व्हॉट्सअॅपच्या Settings मध्ये Storage and data उघडा, तिथे Media auto-download खाली मोबाइल डेटासाठी व्हिडिओची खूण काढून टाका. फोटो येऊ द्या, त्यांना फार लागत नाही.

आता लेकीचा कॉल. व्हॉट्सअॅपच्या दोघांमधल्या व्हिडिओ कॉलला मिनिटाला साधारण ५ एमबी लागतात. चाळीस मिनिटं बोललात तर दोनशे, नेट फार चांगलं असेल तर अडीचशे-तीनशे. चांगल्या नेटला जास्त का, तर अॅप सतत रस्ता तपासत असतं आणि जागा मिळाली की चित्र आणखी स्वच्छ पाठवतं. रेंज कमी झाली की चित्र धूसर होतं, आणि तेव्हा डेटाही कमी जातो. अनेकांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की कॉलमध्ये तुमचं चित्र जातं त्याचाही डेटा तुमच्याच खात्यातून मोजला जातो, नुसता लेकीचं चित्र येतं त्याचाच नाही. म्हणून तिच्या होस्टेलला वायफाय असलं तरी तुमचा खर्च तेवढाच राहतो. फोन कुठेतरी टेकवून बसून बोललात तर चित्रात फार बदल होत नाही आणि डेटा थोडा वाचतो. फोन हातात घेऊन घरभर फिरलात तर प्रत्येक क्षणी नवं चित्र पाठवावं लागतं.

व्हॉट्सअॅपमध्ये Storage and data खालीच Use less data for calls नावाची सोय आहे. दिवसाचा डेटा संपत आला असेल किंवा बोलणं लांबणार असेल तर ती सुरू करा. नुसत्या आवाजाचा व्हॉट्सअॅप कॉल तासाला वीस-तीस एमबीत होतो. साधा फोन लावला तर काहीच डेटा जात नाही, कारण तुमच्या रिचार्जमध्ये बोलणं वेगळं दिलेलं असतं.

आता तुमचा नेहमीचा दिवस मांडून बघू. गाणी ४८० वर दोन तास, एक जीबी. मॅप २० एमबी. रील्स अडीचशे. व्हॉट्सअॅपवर आपोआप उतरणारं दीडशे-दोनशे. पैसे पाठवणं, ग्राहकांची कागदपत्रं, बातम्या, फोनची आतली कामं मिळून शंभर. बेरीज दीड हजाराच्या वर जाते, आणि यात लेकीचा कॉल अजून आलेलाच नाही. म्हणजे तुमच्या दिवसातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट रांगेत शेवटी उभी असते आणि तिच्यापर्यंत काही पोचत नाही.

बदल एवढाच करा: गाणी आवाजाच्या अॅपवर, ८६ एमबी. व्हॉट्सअॅपचे व्हिडिओ हातानं उतरवायचे, मग शंभर पुरतात. मॅप २०, रील्स अडीचशे, बाकी कामं शंभर, तशीच. लेकीचा कॉल अडीचशे. एकूण आठशेच्या आसपास. दीड जीबीतला सातशे एमबी शिल्लक आहे. त्यात रात्री एखाद्या मालिकेचा भागही बसतो. नेटफ्लिक्सचंच उदाहरण घ्या, मोबाइल डेटावर त्याची आपोआप निवडलेली प्रत एका जीबीत साधारण चार तास चालते आणि Save data निवडली तर सहा तास. म्हणजे पाऊण तासाच्या भागाला दोनशे एमबीसुद्धा नाहीत. पण तिथेच कोणी Maximum data निवडून ठेवलं असेल तर एक जीबी वीस मिनिटांतही संपू शकतो. एकच अॅप, एकच मालिका, आणि फरक दहा-बारा पट. म्हणून कोणी विचारलं की मालिकेला किती डेटा लागतो, तर आधी प्रत विचारावी लागते.

सोमवार ते शुक्रवार तुम्हाला आहे तोच रिचार्ज पुरेल. उरले शनिवार आणि रविवार, आणि रिचार्जचा आकार खरं तर या दोन दिवसांवरून ठरतो. रोजच्या हिशेबाच्या रिचार्जमध्ये महिन्याची सरासरी काढून उपयोग नसतो. सोमवारी वाचलेले सातशे एमबी सहसा रात्री बारा वाजता संपतात, शनिवारच्या कामाला येत नाहीत. व्होडाफोन आयडियाच्या काही योजनांत आठवड्याचा उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरता येतो. तुमची योजना तशी असेल तर तुमचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो, तेव्हा रिचार्जच्या अटी आधी वाचा.

शनिवारचं झूम. झूमनेच सांगितलेल्या आकड्यांप्रमाणे अनेकांच्या बैठकीत चांगल्या प्रतीच्या व्हिडिओला जाताना एक हजार आणि येताना सहाशे केबीपीएस लागतात. मिळून सोळाशे. ०.४५ ने गुणा, तासाला ७२० एमबी. दोन तासांचे १४४० झाले, म्हणजे तुमचा अख्खा दिवस. यातला मोठा भाग तुमच्या स्वतःच्या कॅमेऱ्याचा आहे, तासाला साडेचारशे एमबी. सगळ्यांचे चेहरे चौकटींत दाखवणारं दृश्य सुरू असेल तर येणारा डेटा आणखी वाढतो. पंचवीस चौकटी असतील तर त्यालाच तासाला नऊशे एमबी लागू शकतात.

आता कॅमेरा बंद करून पाहा. आवाजाला एका बाजूनं ६० ते ८० केबीपीएस लागतात आणि ट्रेनर पडद्यावर स्लाइड दाखवत असेल तर त्याला ५० ते ७५. सगळं वरच्या टोकाचं धरलं तरी तासाला शंभर-सव्वाशे एमबी. ट्रेनरचा छोटा चेहरा दिसत असेल तर थोडं जास्त. दोन तास तीनशेत होतात. हजेरीपुरता सुरुवातीला पाच मिनिटं कॅमेरा लावा, नाव सांगा, मग बंद करा. कंपनीचा आग्रह पूर्ण वेळ कॅमेऱ्याचा असेल तर त्या एका दिवसासाठी डेटाचं छोटं जोड-पॅक घ्या. महिन्यात चार शनिवार येतात. चार जोड-पॅकची किंमत आणि दीडऐवजी दोन जीबीच्या रिचार्जचा जास्तीचा खर्च, दोन्ही समोरासमोर मांडा. जोड-पॅक घेताना त्याची मुदत बघा. काही एकाच दिवसाचे असतात आणि काही मूळ रिचार्ज संपेपर्यंत चालतात. दुसऱ्या प्रकारचा घेतला तर एकच पॅक दोन-तीन शनिवारांना पुरवता येतो.

रविवारच्या मॅचसाठी मात्र मी तुम्हाला मोठा रिचार्ज सुचवणार नाही, कारण तीन जीबीही तिथे टिकत नाही. फोनवर मॅच पाहिली तर अॅपला कळतं की हा मोबाइल डेटा आहे आणि ते प्रत बेतानं ठेवतं. टीव्हीला हॉटस्पॉट दिला की टीव्हीच्या दृष्टीनं ते घरचं वायफाय असतं. पडदा मोठा आणि वायफाय मिळालेलं, मग तो मिळेल ती उंच प्रत ओढतो. टीव्हीवर एचडी चित्राला तासाला दोन-तीन जीबी सहज लागतात. टी-ट्वेन्टी सामना साडेतीन तास चालतो. दुकानदारानं सांगितलेले तीन जीबी पहिल्या डावाच्या शेवटापर्यंतही पोचतील की नाही शंका आहे. दीड जीबी तर पॉवरप्लेनंतर थोड्याच वेळात जातील. आणि जामठ्याला सामना असेल तर घरातल्या कोणालाच बंद करा म्हणता येणार नाही, हे मी समजू शकते.

तुमच्या घरी मॅच कधीतरीच पाहिली जात असेल तर टीव्हीवरच्या अॅपमध्ये प्रत हातानं ४८० वर आणा. तेव्हाही साडेतीन तासांना दोन जीबीच्या आसपास लागतील, तर त्या दिवशी जोड-पॅक घ्या किंवा तुमच्या ह्यांच्या फोनचा हॉटस्पॉट लावा. प्रत्येक रविवारी टीव्हीवर बघायचं असेल तर मोबाइलचा रिचार्ज वाढवण्यापेक्षा घरात ब्रॉडबँड घेतलेलं स्वस्त पडतं, कारण तीन-चार जणांचा सगळाच वापर त्यावर जातो आणि तुमच्या फोनला मग अगदी लहान रिचार्ज पुरतो.

तुमचा फोन ५जी असेल तर आणखी एक शक्यता आहे. एअरटेलनं ऑक्टोबर २०२२ मध्ये देशातल्या पहिल्या आठ शहरांत ५जी सुरू केलं, त्यांत नागपूर होतं, त्यामुळे शहरात सिग्नल मिळणं अवघड नाही. काही कंपन्या रोज दोन जीबी किंवा त्याहून मोठ्या रिचार्जवर ५जीचा डेटा कोट्यात मोजत नाहीत. मानेवाड्यात तुमच्या घरात, विशेषतः ज्या खोलीत तुम्ही लेकीशी बोलता तिथे, फोनच्या वरच्या पट्टीत ५जी टिकून राहतं का ते दोन-तीन दिवस बघा. टिकत असेल तर दोन जीबीचा रिचार्ज तुम्हाला तीन जीबीपेक्षा जास्त कामाचा ठरेल. फक्त हे ध्यानात ठेवा की शहराबाहेर फोन ४जीवर उतरला की त्याच क्षणापासून मोजणी सुरू होते, आणि हॉटस्पॉटबद्दल प्रत्येक कंपनीच्या अटी वेगळ्या असतात.

माझे आकडे अंदाजाचे आहेत, तुमचे खरे आकडे तुमच्या फोनमध्ये आहेत. अँड्रॉइड फोनच्या Settings मध्ये Data usage शोधा. कोणत्या अॅपनं किती डेटा घेतला त्याची उतरती यादी दिसेल. ती यादी बहुतेक महिनाभराची असते, म्हणून एका रात्री पहिल्या पाच अॅपचे आकडे वहीत लिहा, दुसऱ्या रात्री त्याच वेळी पुन्हा लिहा आणि वजा करा. एक साधा दिवस आणि एक शनिवार असा दोनदा हिशेब केलात की पुरे. यूट्यूब पहिल्या क्रमांकावर असेल तर माझा अंदाज बरोबर. एखादं अॅप तुम्ही उघडलेलंही नाही आणि तरी त्याचा आकडा मोठा असेल, तर ते मागच्या मागे फोटो चढवतंय किंवा स्वतःची नवी आवृत्ती उतरवतंय. त्या अॅपवर दाबून त्याचा मागचा डेटा बंद करता येतो. फोनची बेरीज आणि कंपनीच्या अॅपमधली बेरीज थोडी वेगळी दिसेल. कोटा संपला का, यासाठी कंपनीचाच आकडा धरायचा.

एखाद्या दिवशी तरीही कोटा संपला तर नेट पूर्ण बंद होत नाही. बहुतेक कंपन्या वेग ६४ केबीपीएसवर आणतात. ०.४५ ने गुणलं की तासाला २९ एमबी. एवढ्यात मॅप रखडत का होईना चालतो, यूपीआयनं पैसे जातात, व्हॉट्सअॅपवर अक्षरी निरोप जातो. व्हिडिओ कॉल कितीही वेळा लावला तरी चालणार नाही, त्याला याच्या कितीतरी पट वेग लागतो. तेव्हा नऊ वाजता चित्र अडकलं तर लेकीला सरळ साधा फोन लावा.

सासूबाईंसाठी चांगली बातमी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायनं नियम बदलून कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले रिचार्ज देणं बंधनकारक केलं, आणि तसे रिचार्ज बाजारात आलेही आहेत. दुकानात बहुतेकदा ते आपणहून दाखवत नाहीत, म्हणून "नेट नसलेला, फक्त कॉलिंगचा" असं म्हणून मागा किंवा कंपनीच्या अॅपमध्ये बघा. त्यांच्या मुदती बहुतेक लांब असतात, त्यामुळे एकदम जास्त पैसे भरावे लागतात. दिवसांनी भागून दिवसाचा खर्च काढा आणि आत्ताच्या रिचार्जशी ताडून बघा. सासूबाई अधूनमधून नातीचा व्हिडिओ कॉल स्वतःच्या फोनवर घेत असतील तर मात्र हा रिचार्ज घेण्याआधी त्यांना विचारा.